मोहरीचे तेल रोज खावे का? इरुसिक ॲसिडचा हिशेब तुमच्या घरातल्या आकड्यांवरून

प्रश्न: "पुण्यात राहतो. घरात मी, नवरा, सासरे (वय ६८, अँजिओप्लास्टी झालेली आहे) आणि ४ वर्षांचा मुलगा (वजन १५ किलो). ओमेगा-३ मिळते म्हणून वर्षभरापूर्वी शेंगदाणा तेल बंद करून कच्ची घाणी मोहरीचे तेल सुरू केले. महिन्याला २ लिटर लागते. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिकडे याच तेलाच्या बाटलीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असे छापलेले असते, कारण त्यात इरुसिक ॲसिड असते आणि ते हृदयाला वाईट. शेजारचे बंगाली कुटुंब पिढ्यानपिढ्या हेच तेल खाते. धूर येईपर्यंत तापवले की ते ॲसिड उडून जाते असेही ऐकले. नक्की काय करायचे?"

उत्तर:

तुमच्या घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना या तेलाने इजा झाली असेल असे मानायला आधार नाही. तरी रोजचे एकमेव तेल म्हणून ते ठेवू नका. मुलाचे जेवण मात्र आजपासूनच दुसऱ्या तेलात करा. एकाच बाटलीबद्दल दोन वेगवेगळी उत्तरे का, ते आकडे मांडले की कळते.

इरुसिक ॲसिड ही बाहेरून पडलेली भेसळ नाही. ते मोहरीच्या तेलाचाच घटक आहे. भारतात पिकणाऱ्या नेहमीच्या मोहरीच्या तेलात मेदाम्लांपैकी साधारण ४० ते ५० टक्के इरुसिकच असते, म्हणजे बाटलीतले जवळजवळ अर्धे तेल. ओलिक ॲसिड १० ते १५ टक्के असते आणि ज्या ओमेगा-३ साठी तुम्ही हे तेल घेतलेत ते अल्फा-लिनोलेनिक ॲसिड साधारण ८ ते १४ टक्के.

बाटलीमागच्या पोषणतक्त्यात हे दिसत नाही आणि त्यामुळे भल्याभल्यांचा गैरसमज होतो. तिथे 'मोनोअनसॅच्युरेटेड फॅट' १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या पुढे लिहिलेले असते. तो आकडा वाचून ऑलिव्ह तेलासारखे काहीतरी चांगले हाती लागले असे वाटते. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत इरुसिकही मोनोअनसॅच्युरेटेडच आहे, त्यामुळे ते त्याच ओळीत मोजले जाते. ऑलिव्हच्या तेलात त्या ओळीत बहुतेक सगळे ओलिक असते, मोहरीच्या तेलात त्यातला मोठा वाटा इरुसिकचा. ओळ एकच, पण शरीरातले काम वेगळे.

फरक रेणूच्या लांबीचा आहे. ओलिकच्या साखळीत १८ कार्बन असतात, इरुसिकच्या साखळीत २२. हृदयाचा स्नायू बहुतांश ऊर्जा मेदाम्ले जाळूनच मिळवतो. हे काम त्याच्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात चालते, आणि तिथे साखळी दोन-दोन कार्बनने तोडत नेली जाते. २२ कार्बनच्या या साखळीवर तिथली यंत्रणा फार संथ चालते. ती आधी आखूड करून ओलिक बनवण्याचे काम पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या दुसऱ्या भागाला करावे लागते, आणि यात यकृताचा वाटा मोठा असतो. इरुसिक एकदम भरपूर आले आणि आखूड करण्याची क्षमता तेवढी नसली, तर मेदाचे बारीक थेंब हृदयाच्या स्नायूत साठून राहतात. या अवस्थेला मायोकार्डियल लिपिडोसिस म्हणतात.

१९६० आणि १९७० च्या दशकांत संशोधकांना उंदरांमध्ये हेच दिसले. नुकतेच दूध सुटलेल्या पिल्लांना इरुसिकने भरलेले रेपसीड तेल मोठ्या प्रमाणात दिले की थोड्याच दिवसांत त्यांच्या हृदयात मेद साठायचा. पण तोच आहार पुढे चालू ठेवला तर काही आठवड्यांत हा साठा बराचसा ओसरायचा, कारण पेरॉक्सिझोमची क्षमता वाढत जायची. दीर्घकाळ तेल दिलेल्या नर उंदरांच्या हृदयात वणासारखे डागही सापडले होते. पुढे असे डाग इरुसिक नसलेल्या तेलांच्या आहारावरही दिसले, म्हणून त्यांचा सगळा दोष इरुसिकवर टाकता येत नाही. मेद साठण्याचा संबंध मात्र थेट इरुसिकशी आहे. तो डुकराच्या नवजात पिल्लांतही दिसला आणि त्याबद्दल आता वाद उरलेला नाही.

या निष्कर्षांनंतर कॅनडात बेबंद वाढलेली रेपसीडची शेती बदलली. बाल्डर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी यांच्या कामातून इरुसिक जवळजवळ नसलेले वाण तयार झाले आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या तेलाला 'कॅनोला' हे नाव मिळाले. आपल्या मोहरीत असा सरसकट बदल झालेला नाही.

आता मर्यादेकडे येऊ. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे ईएफएसएने, २०१६ मध्ये या सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला. शरीराच्या दर किलोमागे रोज ७०० मिलिग्रॅम इरुसिकपर्यंत उंदरांच्या आणि डुकरांच्या पिल्लांच्या हृदयात परिणाम दिसला नाही, असे त्यांनी धरले. त्या आकड्याला १०० ने भागून माणसासाठी दर किलोमागे रोज ७ मिलिग्रॅम ही सहन होण्याजोगी मर्यादा ठरवली. १०० ने भागायचे ते असे: माणूस प्राण्यापेक्षा १० पट नाजूक असू शकतो असे धरायचे, आणि एखादा माणूस दुसऱ्यापेक्षा आणखी १० पट नाजूक असू शकतो असेही धरायचे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संस्थेने याआधीच, २००३ मध्ये, वेगळ्या वाटेने जाऊन ७.५ मिलिग्रॅम हा जवळपास तोच आकडा काढला होता.

तुमच्या घराचा हिशेब करायचा तर हे दोन्ही आकडे समोर ठेवा: ७०० ही परिणाम न दिसलेली पातळी, आणि ७ ही सावधगिरीची मर्यादा. मधली सगळी जागा सुरक्षिततेची फट आहे. तुमच्या घरातला प्रत्येक जण त्या फटीत कुठे उभा आहे ते पाहायचे.

मोहरीच्या तेलाची घनता सुमारे ०.९१ असते. म्हणून २ लिटर म्हणजे साधारण १,८२० ग्रॅम, दिवसाला ६० ग्रॅम. तिघा मोठ्यांच्या वाट्याला १७-१७ ग्रॅम आणि मुलाच्या वाट्याला ९ ग्रॅम असे धरू. कढईला चिकटून राहणारे थोडे तेल सोडून देऊ, त्याने चित्र फारसे बदलत नाही. इरुसिक मधले, म्हणजे ४५ टक्के धरू.

६० किलोच्या माणसाच्या पोटात १७ ग्रॅम तेलातून सुमारे ७.६ ग्रॅम इरुसिक जाते. दर किलोमागे ते १२७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. ईएफएसएच्या मर्यादेच्या हे १८ पट आहे, आणि एवढेच ऐकले तर कोणीही घाबरेल. पण परिणाम न दिसलेल्या पातळीपासून हा माणूस अजून साडेपाच पट खाली आहे. १०० पटीची फट साडेपाचवर आली, एवढाच याचा अर्थ. विषबाधा झाली असा अर्थ नाही.

मुलाचे गणित वेगळे निघते. ९ ग्रॅम तेलातून सुमारे ४ ग्रॅम इरुसिक, त्याला १५ किलोने भागले की दर किलोमागे २७० मिलिग्रॅम. परिणाम न दिसलेल्या पातळीपासून फट फक्त अडीच पटीची उरते. तेही सरासरी दिवशी. ज्या दिवशी घरात पुऱ्या आणि भजी होतात त्या दिवशी ती आणखी अरुंद होते. शिवाय प्रयोगांत परिणाम दिसला तो लहान पिल्लांतच, कारण साखळी आखूड करण्याची क्षमता लहान वयात कमी असते. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खाते, त्यात ही क्षमता कमी. ईएफएसएनेही भरपूर इरुसिक पोटात जाणाऱ्या १० वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दलच दीर्घकालीन धोक्याची शक्यता नोंदवली आहे. बाळांच्या दुधाच्या पावडरीसाठी युरोपचा नियम फारच कडक आहे: त्यातल्या मेदात इरुसिक ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

तुमच्या भावाच्या हातात आलेल्या बाटलीवरच्या ओळीमागे हेच कारण आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन इरुसिकमुळे घाण्याचे मोहरीचे तेल स्वयंपाकाचे तेल म्हणून मान्य करत नाही. म्हणून ते तिथल्या भारतीय दुकानांत अंगाला लावायचे तेल म्हणून विकले जाते. युरोपात खाद्यतेलांना साधारणपणे २ टक्के इरुसिकची मर्यादा आहे, मोहरीच्या तेलाला सवलत देऊन ५ टक्के. आपल्याकडचे ४५ टक्क्यांचे तेल त्यात कुठेच बसत नाही. भारतात ते रीतसर खाद्यतेल आहे, आणि २ टक्क्यांची अट फक्त 'लो इरुसिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाला लागू होते. एका देशाने खबरदारीला जास्त वजन दिले, दुसऱ्याने कोट्यवधी लोकांच्या चालत आलेल्या आहाराला. दोघांपुढचे प्रयोग मात्र तेच आहेत.

मग शेजारच्या बंगाली कुटुंबाचे काय? हा प्रश्न रास्त आहे. बंगाल, बिहार, आसाम, उत्तर प्रदेश, काश्मीर इथे हे तेल पिढ्यानपिढ्या चालते, आणि केवळ त्यामुळे हृदय निकामी झाल्याची साथ कुठे नोंदलेली नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांतल्या हृदयविकाराच्या ३५० रुग्णांची तुलना ७०० इतर लोकांशी केली होती. स्वयंपाकात मुख्यतः मोहरीचे तेल वापरणाऱ्यांत धोका सूर्यफूल तेल वापरणाऱ्यांच्या सुमारे निम्मा आढळला. संशोधकांनी त्याचे श्रेय त्यातल्या ओमेगा-३ ला देता येईल असे सुचवले.

हा अभ्यास वाचून मोहरीचे तेल हृदयाला उत्तम असे ठरवणे मात्र चुकीचे आहे. आजारी पडलेल्यांना मागच्या आहाराबद्दल विचारून केलेला तो अभ्यास होता. ज्या घरात मोहरीचे तेल आहे त्या घरातले बाकीचे जेवण, चालणे-फिरणे, उत्पन्न हे सगळेच वेगळे असू शकते. त्यातले रुग्ण रक्तवाहिनी बंद पडून आलेले होते. इरुसिकबद्दलची शंका रक्तवाहिनीबद्दल नाही, हृदयाच्या स्नायूत साठणाऱ्या मेदाबद्दल आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि अभ्यासात सगळे प्रौढ होते, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

सासऱ्यांसाठी माझे मत असे. अँजिओप्लास्टी झाली आहे पण हृदयाचा स्नायू नीट काम करतो आहे, तर थोडे मोहरीचे तेल चालेल. पण त्यांच्या २डी-इको अहवालात 'इजेक्शन फ्रॅक्शन' कमी लिहिले असेल, पायावर सूज येत असेल, थोडे चालून धाप लागत असेल, म्हणजे स्नायूच कमजोर असेल, तर मी हे तेल बंदच करायला सांगेन. अमेरिकेतल्या मोठ्या वयाच्या लोकांच्या दोन दीर्घकालीन अभ्यासगटांत, ज्यांच्या रक्तात इरुसिकसारखी लांब साखळीची मेदाम्ले जास्त होती त्यांना पुढे हृदय कमजोर होण्याचा आजार जास्त झाला. तिथे त्या मेदाम्लांचा स्रोत मोहरीचे तेल नव्हते, आणि एकामुळेच दुसरे झाले हेही त्यातून सिद्ध होत नाही. तरीही ज्याचा स्नायू आधीच थकलेला आहे त्याच्या ताटात ही शंका कशाला ठेवायची, दुसरी चांगली तेले हाताशी असताना?

आता धुराबद्दल. मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवण्याची रीत योग्य आहे, फक्त तिचा इरुसिकशी संबंध नाही. नाकात झिणझिण्या आणणारा जो उग्रपणा असतो तो ॲलिल आयसोथायोसायनेट नावाच्या उडून जाणाऱ्या पदार्थाचा. मोहरी भरडताना पाण्याचा अंश मिळाला की तो तयार होतो, म्हणून घाण्याच्या तेलात तो जास्त असतो. त्याचा उत्कलनबिंदू १५० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे कढईत तो सहज निघून जातो. इरुसिक हे तेलाच्या रेणूचाच भाग आहे. ते उडत नाही. कढईत जेवढे तेल उरले त्याच्या ४५ टक्के ते तसेच असते. तेल काळे पडेपर्यंत जाळले तरी इरुसिक जात नाही, उलट डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबणारे ॲक्रोलीनसारखे पदार्थ तयार होतात.

याच जातीचे आणखी तीन समज आहेत. लाकडी घाण्याच्या तेलात इरुसिक कमी असते असे सांगितले जाते, पण घाण्याने तेल कसे काढले ते बदलते, बियाणे बदलत नाही. रिफाइन्ड मोहरी तेल सुरक्षित असेही म्हणतात. रिफायनिंगमध्ये वास, रंग आणि उग्रपणा जातो, इरुसिक तेवढेच राहते. पिवळ्या मोहरीचे तेल सौम्य लागते म्हणून त्यात इरुसिक नसेल असा तिसरा समज, तोही खोटा. चवीवरून, रंगावरून किंवा वासावरून इरुसिक ओळखता येतच नाही.

ते कमी करायचे तर बियाणेच वेगळे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे पुसाने, असे वाण काढले आहेत. 'पुसा मस्टर्ड ३०' मध्ये इरुसिक २ टक्क्यांच्या आत आहे. 'पुसा मस्टर्ड ३१' मध्ये इरुसिकही कमी आणि पेंड तिखट करणारी ग्लुकोसिनोलेट्सही कमी. अशा बियांचे तेल मिळाले तर चवीला ते मोहरीचेच असते. पण दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर विसंबू नका. बाटलीवर 'लो इरुसिक' हे शब्द छापलेले हवेत. एखाद्या शेतकरी गटाकडून थेट घेत असाल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा 'फॅटी ॲसिड प्रोफाइल' अहवाल मागा. त्या तक्त्यात C22:1 अशी ओळ असते. तीच इरुसिकची. तिच्यापुढे २ पेक्षा कमी आकडा असेल तर ठीक, ४० च्या आसपास असेल तर ते नेहमीचेच तेल आहे, बाटलीवर काहीही लिहिलेले असो. कॅनोला तेलात ही अडचण नसते, पण त्याला मोहरीची चवही नसते.

तुमच्या घरासाठी मी पुढची मांडणी सुचवेन. रोजची भाजी, आमटी, पोळीला लावायचे तेल हे पुन्हा शेंगदाण्याचे करा. आलटून पालटून करडई किंवा राइस ब्रान आणलेत तरी चालेल. ज्या कारणासाठी तुम्ही बदल केलात ते ओमेगा-३ जवसातून घ्या. १० ग्रॅम मोहरीच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक ॲसिड साधारण १ ग्रॅम असते. तेवढेच दोन चहाचे चमचे जवसाच्या पुडीत मिळते आणि इरुसिक अजिबात नाही. जवस मंद भाजून, लसूण-मिरची घालून चटणी करा. अख्खे जवस पचत नाहीत, त्यामुळे कुटलेलेच हवेत. चटणी आठवड्याला पुरेल एवढीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, कारण जवसाचे तेल हवेत लवकर खवट होते. मुलाला तिखट न घालता अर्धा-एक चमचा पूड पोळीच्या पिठात मिसळून देता येईल.

मोहरीचे तेल चवीसाठी ठेवा, ज्या पदार्थाला ते खरोखर हवे असते त्यासाठी. मासे, वांग्याचे भरीत, उत्तर भारतीय पद्धतीचे लोणचे. महिन्याला अर्धा लिटर वापरलेत आणि ते फक्त तिघा मोठ्यांत गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ५ ग्रॅम येते, म्हणजे इरुसिक सव्वादोन ग्रॅम, दर किलोमागे ३७ मिलिग्रॅमच्या आसपास. फट साडेपाच पटीवरून जवळजवळ १९ पटीवर गेली. ईएफएसएच्या मर्यादेच्या अजून वरच आहात, पण निरोगी प्रौढासाठी मला हे स्वीकारण्याजोगे वाटते.

मर्यादेच्या आतच राहायचे असेल तर तेही जमते, फक्त पद्धत बदलावी लागते. ६० किलोच्या माणसाची दिवसाची मर्यादा ४२० मिलिग्रॅम इरुसिक, म्हणजे नेहमीचे मोहरीचे तेल १ ग्रॅमपेक्षाही थोडे कमी. एवढ्या तेलात फोडणी होत नाही. पण भाजी किंवा भरीत शेंगदाणा तेलात करून, गॅस बंद केल्यावर वरून अर्धा चहाचा चमचा कच्चे मोहरीचे तेल तिघांच्या पदार्थावर घातले, तर प्रत्येकाला साधारण ३५० मिलिग्रॅम मिळते. कच्च्या तेलाचा उग्रपणा उडालेला नसल्याने एवढ्याशा तेलातही चव पूर्ण येते. बंगाली जेवणात असे वरून कच्चे तेल घालण्याची पद्धत आहेच, शेजारणीला विचारा.

मुलासाठी ही युक्तीही नको. त्याची दिवसाची मर्यादा १०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तेलाचे पाचेक थेंब. त्याचा वाटा मोहरीचे तेल घालण्याआधी बाजूला काढा. कधी पाहुण्यांकडे किंवा शेजारी मोहरीच्या तेलातले खाल्ले तर काळजी करू नका. ही मर्यादा रोज, वर्षानुवर्षे पोटात जाण्यासाठीची आहे, एका जेवणासाठीची नाही. लोणच्याची फोड चाखली म्हणूनही काही बिघडत नाही.

फोडणीतल्या मोहरीबद्दल विचारायच्या आधीच सांगते, कारण इथपर्यंत वाचल्यावर हा प्रश्न येतोच. चौघांच्या भाजीत अर्धा चहाचा चमचा मोहरी म्हणजे दीड-पावणेदोन ग्रॅम. तिच्यात तेल साधारण ३५ ते ४० टक्के, त्यातले ४५ टक्के इरुसिक. सगळे मिळून फार तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, चौघांत वाटलेले. त्यातही तडतडलेले बरेचसे दाणे न चावता, न पचता तसेच बाहेर पडतात. फोडणी खुशाल करा.

मोहरीच्या तेलात मासे तळताना तेल मध्यम आचेवर तापू द्या. रंग किंचित फिका झाला आणि पहिली पातळ धुराची रेघ दिसली की गॅस बंद करा, दोनेक मिनिटे थांबा, मग मंद आचेवर मसाला किंवा मासे घाला. एक्झॉस्ट पंखा आधीपासून चालू असू द्या, कारण या तेलाचा धूर श्वासाला चांगला नाही. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. त्यातले ओमेगा-३ हवेशी आणि उष्णतेशी सगळ्यात आधी बिघडते, म्हणजे ज्या एका गुणासाठी हे तेल घेतो तोच पहिल्यांदा जातो. तेल घट्ट झाले, फेस लवकर बसेना किंवा वास जुन्या रंगासारखा आला की ते टाकायचे.

इरुसिकच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते आणि मला ती जास्त घातक वाटते: सुट्या तेलातली पिवळ्या धोत्र्याची भेसळ. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत अशा तेलाने हजारो लोक आजारी पडले आणि साठाहून अधिक मृत्यू झाले. धोत्र्याचे बी मोहरीसारखेच दिसते. त्यातल्या सँग्विनॅरीनमुळे बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, दोन्ही पायांना सूज येते, धाप लागते, हृदय निकामी होऊ शकते. इरुसिकचा प्रश्न वर्षांचा आहे, हा काही आठवड्यांचा. घरी तापवून या विषाचा बंदोबस्त होत नाही. त्या साथीनंतर सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला, आणि ८ जून २०२१ पासून मोहरीच्या तेलात दुसरे तेल मिसळून विकायलाही बंदी आहे. त्यामुळे डब्यातून मोजून दिलेले, गावाकडून आलेले म्हणून कौतुकाने दिलेले, लेबल नसलेले तेल घेऊ नका. घाण्यावरून घ्यायचे असेल तर डोळ्यांदेखत निवडलेल्या, पाखडलेल्या मोहरीचे घ्या. घरातल्या एकापेक्षा जास्त जणांच्या पायांना एकदम सूज आली तर तेल त्याच क्षणी बंद करा, बाटली फेकून न देता सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणते तेल वापरत होतो ते आपणहून सांगा.

सध्या घरात असलेली बाटली सीलबंद कंपनीची असेल तर फेकायची गरज नाही. मुलाचे जेवण वेगळे करा, आणि पुढचे दोन-तीन महिने ती मासे, भरीत आणि लोणच्यात संपवा. उन्हापासून दूर, झाकण घट्ट लावून ठेवा. वर्षभर खाल्ले म्हणून मुलाच्या तपासण्या करत बसू नका. मूल नीट खेळते आहे, वजन वाढते आहे, तर त्याला कशाचीच गरज नाही. प्राण्यांतही इरुसिक बंद केल्यावर हा साठा उतरतो. सासऱ्यांचा शेवटचा इको अहवाल मात्र काढून पाहा आणि इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या ताटातल्या तेलाचा निर्णय घ्या.